साडीचं कौतुक केलं तर बिघडलं कुठे?

कोपरीकर: पाडव्याच्या शोभायात्रेत राम मारुती रोडवर शेजारच्या मुलीला "साडी मस्त दिसतेय तुम्हाला" म्हटलं. "थँक्यू" म्हणाली आणि मैत्रिणीकडे वळली. मुलींना भावच चढलाय. बोलायचं तरी कसं?

नौपाडेकरीण: गप्प बसणार होते, पण ते 'भाव चढलाय' वाचून राहवलं नाही. थँक्यूपलीकडे तिने उत्तर काय द्यायचं होतं? सकाळच्या लेडीज डब्यात अनोळखी बायका रोज साडीवरूनच बोलायला लागतात. "इरकल ना? टोप पदर आहे का हो?" एवढं विचारलं की समोरची पदर उलगडूनच दाखवते. मग कुठून घेतली, पहिल्या धुण्यात रंग गेला का, आणि घाटकोपर येईपर्यंत घरची चौकशी सुरू. कारण विचारणारी तिच्या निवडीबद्दल बोलते आणि तिच्याकडे सांगण्यासारखं असतं. तुमच्या वाक्यातून तिला एवढंच कळलं की हा मघापासून मला न्याहाळतोय. पुरुषाने तर जागाही बघावी. लिफ्टमध्ये, रिक्षाच्या रांगेत तिला बाजूला होता येत नाही. शोभायात्रेत येतं, ती झाली. विषय संपला.

ऐरोलीचा_अभ्या: आम्हाला कोणी म्हणतच नाही हो! महापेच्या ऑफिसात नव्या मॅडमनी "रंग छान आहे, खादी का?" विचारलं होतं. कॉलर विरली तरी तो शर्ट टाकवत नाही. आमच्याशी काहीही बोला, चालतं.

नौपाडेकरीण: चालतं, कारण त्या पाठोपाठ स्टेशनपर्यंत येतील अशी भीती तुम्हाला नव्हती.

वाशीची_वहिनी: माहिती नसेल तर साडीवर बोलूच नये. एका लग्नात चारचौघांत मला विचारलं, "पैठणी ओरिजिनल का?" कौतुक म्हणे! मागे धागे दिसले की पॉवरलूम, न दिसले की अस्सल. इतकं सोपं आहे, स्वतः बघावं.

येवल्याचा_जावई: इतकं सोपं नाही. ब्रोकेड काठाची पैठणी हातमागावरची असली तरी काठामागे धागे असतात. पदर उलटून बघा. हातविणीचे मोर-पोपट दोन्हीकडून जवळपास सारखे दिसतात. मशीनच्या पदरामागे सुटे धागे लोंबतात, नाहीतर कापलेले असतात.

वाशीची_वहिनी: माझी सासूबाईंनी येवल्याहून आणलेली आहे. मला शिकवू नका.

येवल्याचा_जावई: येवल्याच्या दुकानांत सेमीही मिळते, वहिनी.

वाशीची_वहिनी: सासूबाईंना फसवलं म्हणताय?

कोपरीकर: म्हणजे बोलण्याआधी हातमागाचा कोर्स करू? बरं, विचारेन "इरकल का". नारायणपेठ निघाली तर?

नौपाडेकरीण: तर ती सांगेल "नाही, नारायणपेठ", आणि बोलणं सुरू होईल. तिला नकोच असेल तर "हो" म्हणून वळेल. तेव्हा दुसरं वाक्य टाकायचं नाही. आणि ते 'भाव चढलाय' आधी काढा.

कोपरीकर: काढतो. पण तोंड फिरवायची गरज नव्हती, हे माझं मत कायम आहे.

वाशीची_वहिनी: काठाचा फोटो टाकलाय, जावईबापू. बोला आता.

येवल्याचा_जावई: पदराचा टाका.