विषय: आईच्या खात्याचा मोबाईल नंबर बदलणे, पत्राचा नमुना हवा (तातडीचे)

हेमंत:
बठ्ठासले राम राम. अमळनेरच्या शाखेत आई-बाबांचं जॉइंट खातं आहे, नंबर बाबांचा. बाबा आता नाहीत, मार्चपासून त्या सिमला रिचार्ज नाही. आईने नंबर बदलायचं पत्र दिलं, तर "पहिल्या खातेदाराची सही नाही" म्हणून परत आलं. मॅनेजरला नेमकं काय लिहायचं? भाचा सोमवारी जळगावहून जातोय, तोवर पाहिजे.

किरण:
पत्र कशाला? एटीएमवर होतं, कार्ड घाला, पिन टाका, नवीन नंबर द्या. नाहीतर आधारला नंबर बदला, बँकेत आपोआप येतो.

सुरेखाताई:
किरण, दोन्ही थांबव. आधारमधला नंबर बँकेच्या नोंदीत आपोआप येत नाही, त्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. काही बँकांत एटीएमवर नंबर बदलतो खरा, पण इथे कार्ड बाबांचं आहे आणि बाबा गेले. त्यांचं कार्ड कोणी वापरायचं नाही.

हेमंत, अडचण अशी आहे: मोबाईल नंबर खात्याला नसतो, माणसाच्या कस्टमर आयडीला असतो. आईचा नंबर तिच्या आयडीला लागेलही, पण खात्यात पहिले नाव बाबांचं आहे, म्हणून मेसेज बाबांच्याच नंबरवर जात राहतील. आधी बाबांचं नाव कमी व्हायला हवं. दोन्ही मागण्या एकाच पत्रात करा. पासबुकाच्या पहिल्या पानावर "दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो" या अर्थाचा शेरा आहे ना, तेवढं बघा. तो असला की एकटी आई अर्ज करू शकते.

> मा. शाखाधिकारी, (बँक व शाखा), अमळनेर
> विषय: मयत सहखातेदाराचे नाव कमी करून माझा मोबाईल नंबर नोंदविणेबाबत
> महोदय, बचत खाते क्र. ...... हे माझे पती कै. ...... व माझ्या नावे संयुक्त आहे. त्यांचे दि. ...... रोजी निधन झाले. मृत्यू दाखल्याची प्रत जोडली आहे, मूळ दाखला पडताळणीसाठी आणला आहे. त्यांचे नाव कमी करून खाते माझ्या नावे चालू ठेवावे. माझा कस्टमर आयडी ...... असून त्यास मोबाईल क्र. ...... नोंदवावा. पूर्वीचा क्र. ...... काढून टाकावा.
> सोबत: मृत्यू दाखला, पॅन व आधार यांच्या सही केलेल्या प्रती, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत.
> आपली विश्वासू, (सही)

पत्राच्या दोन प्रती करा आणि दुसरीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्या.

विजूभाऊ:
पत्र इंग्रजीतच द्या, नोंदणी मुंबईला होते.

सुरेखाताई:
विजूभाऊ, नोंद कुठेही होवो, अर्ज शाखाच तपासते. मराठीत चालतं. गडबड भाषेची नसते, सहीची असते. आईची जुनी सही "सौ." लावून असेल आणि आता ती "श्रीमती" लिहीत असेल, तर सही जुळत नाही म्हणून अर्ज अडतो. पत्रावर जुन्या नमुन्यासारखीच सही करा, आणि तिथेच नवीन नमुना सहीचं कार्डही भरून घ्या.

प्रशांत:
माझ्या एनआरओ खात्याला अमेरिकेचा नंबर लावायचा आहे, तोही यातच टाकता येईल का?

सुरेखाताई:
प्रशांत, हा वेगळा अर्ज, त्याचा धागा वेगळा काढा. तुमच्या बँकेने सोय दिली असेल तर अमेरिका धरून काही देशांच्या नंबरवर यूपीआय चालतं, एवढंच सांगते.

हेमंत:
ताई, बाबांची सही घालूनच पाठवलं असतं तर काम झालं असतं, असं मामा म्हणतात.

सुरेखाताई:
मामांना सांगा, ती खोटी सही ठरते. मृत्यू दाखला पुढे आला की तारखा जुळत नाहीत, मग खातंच अडकतं. आणि बाबांच्या सिमकडे दुर्लक्ष करू नका. नंबर बंद झाल्यावर ९० दिवसांनी कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते. मग ओटीपी त्याच्याकडे जातात. काम होईपर्यंत स्वस्तातला रिचार्ज टाकून ठेवा.

नंबर बदलला की नाही हे आईला ५०० रुपये खात्यात भरायला सांगून पाहा. मेसेज नवीन फोनवर यायला हवा.

किरण:
आईचा साधा फोन आहे ना? मग भाच्याचा नंबर द्या, सोपं पडेल.

हेमंत:
मीही तेच म्हणत होतो. ओटीपी तो फोनवर सांगेल.

सुरेखाताई:
साध्या फोनवर मेसेज येतो की! भाच्याचा नंबर दिलात तर आईच्या पैशाची किल्ली त्याच्या खिशात. ठरवा तुम्ही.

विजूभाऊ:
पत्र शेवटी इंग्रजीत की मराठीत? सोमवार जवळ आला.