मदत हवी आहे: तक्रार एजन्सीकडे की क्लायंटकडे?

माझी बहीण एजन्सीच्या पेरोलवर आहे, पण काम हिंजवडीत क्लायंटच्या ऑफिसात, आणि तिथला मॅनेजर, जो क्लायंटचा परमनंट माणूस आहे, तो तिला रात्री घाणेरडे मेसेज करतो. एजन्सी म्हणते क्लायंटशी बोला, क्लायंटचा एचआर म्हणतो ती आमची एम्प्लॉयीच नाही. पण २०१३ च्या पॉश कायद्यात एजन्सीमार्फत आलेली कामगारही एम्प्लॉयीच धरलीये ना? म्हणजे क्लायंटच्या अंतर्गत समितीने तक्रार घ्यायलाच हवी, बरोबर? शेवटच्या मेसेजपासून ३ महिन्यांची मुदत आहे, म्हणून विचारतेय, दोघांकडे एकदमच लेखी द्यावं का? आणि चौकशी चालू असताना एजन्सीने तिलाच साइटवरून काढलं तर काय करायचं? कुणी हे केलंय का, प्लीज सांगा.