मक्तेदाराला नगामागे अनुदान: भाव उतरतो, पण पैसा कुणाकडे राहतो?

चौकस
मक्तेदार माल कमी काढतो आणि भाव चढा ठेवतो. सरकारने नगामागे अनुदान दिलं तर तो उत्पादन वाढवील, हे पटतं. पण त्यातलं ग्राहकापर्यंत किती पोचतं आणि त्याच्याकडे किती राहतं? मला तर हे ज्याने अडवणूक केली त्यालाच बक्षीस दिल्यासारखं वाटतं.

सुलभा
मी अनुदानाच्या बाजूने. सोपा आकडा घ्या. भाव म्हणजे 100 वजा विकलेले नग, आणि एका नगाचा खर्च 20. मक्तेदार 40 नग काढतो, 60 ला विकतो आणि 1600 नफा कमावतो. खरं तर 80 नग निघून भाव 20 वर यायला हवा. भाव 40 ने उतरवायचा आहे, तेव्हा नगामागे 40 द्या. झालं काम.

ताळेबंद
सुलभाताई, आकडे बरोबर, पण 40 ने काम अर्धंच होतं. भाव 40 वर येऊन थांबेल आणि नग 60 निघतील. एक नग जास्त विकायचा तर त्याला आधीच्या सगळ्या नगांचा भाव पाडावा लागतो. 80 नगांपाशी पुढचा नग विकल्याने त्याची एकूण वसुली वाढत नाही, उलट 60 ने घटते. वर खर्च 20. ही सगळी तूट भरून निघेल तेव्हाच तो तिथवर जाईल, म्हणजे नगामागे 80 द्यावे लागतील.

आता हिशेब पाहा. सरकार 80 नगांवर 6400 देतं. भाव आणि खर्च दोन्ही 20, म्हणजे विक्रीतून नफा शून्य आणि अख्खं अनुदान हाच त्याचा नफा. पूर्वीचे 1600 वजा केले तर त्याची जादा कमाई 4800. ग्राहकांचा फायदा 2400: आधीच्या 40 नगांवर प्रत्येकी 40 वाचले आणि नव्या 40 नगांवर सरासरी 20. दोन्ही मिळून 7200, सरकारचे 6400 गेले, समाजाला निव्वळ लाभ 800. एवढ्यासाठी 6400 हलवायचे!

चौकस
म्हणजे माझं म्हणणं खरंच ठरलं. चार हिश्श्यांतले तीन त्याच्याच घशात.

दत्ता
आमचाच अनुभव सांगतो. एक सुटा भाग आम्ही ज्याच्याकडून घेतो तो एकमेव पुरवठादार आहे. त्याला नगामागे अनुदान सुरू झालं, आमचा दर एका पैशाने उतरला नाही. असली अनुदानं बंदच करावीत.

ताळेबंद
दत्ता, दोन गोष्टी विचारतो. तुमचा दर वर्षभराच्या करारात बांधलेला होता का? आणि त्याचा कारखाना आधीच पूर्ण क्षमतेने चालत होता का? क्षमता संपली असेल तर अनुदानाने एकही नग वाढत नाही, भाव जागचा हलत नाही आणि सगळी रक्कम मालकाकडे राहते. ते वेगळं दुखणं.

दत्ता
करार वर्षाचाच होता. क्षमतेचं माहीत नाही.

सुलभा
40 च्या बाबतीत ताळेबंद यांचं मान्य. पण म्हणून अनुदान टाकाऊ ठरत नाही. तेच 40 पुन्हा मोजा: सरकार 2400 देतं, त्याचा नफा 2000 ने वाढतो, ग्राहकांना 1000 मिळतात, निव्वळ लाभ 600. निम्म्या अनुदानात 800 पैकी 600 पदरात! कर गोळा करताना दर 100 मागे 20 चं नुकसान धरा. मग 40 च्या अनुदानात 480 जाऊन 120 उरतात, आणि 80 च्या अनुदानात 1280 चं नुकसान होऊन सगळंच तोट्यात जातं. पूर्ण दुरुस्तीचा हट्टच चूक आहे.

आणि भाव निम्म्यानेच उतरतो हे मागणीची रेषा सरळ धरल्यामुळे. मागणीची लवचिकता सगळीकडे 2 असेल, म्हणजे भाव एक टक्का उतरला की विक्री दोन टक्के वाढत असेल, तर भाव अनुदानाच्या दुप्पट उतरतो.

चौकस
मग थेट 20 ची कमाल किंमत का लावत नाही? अनुदानाचा प्रश्नच मिटला.

ताळेबंद
या उदाहरणात चालेल, कारण स्थिर खर्च, म्हणजे नग कितीही निघोत तेवढाच राहणारा खर्च, इथे नाही. तो असेल तर 20 ला विकून तो बुडेल आणि बाजारातून निघून जाईल.

अनुदानच द्यायचं तर प्रत्येक नगावर का द्यायचं? फक्त 60 च्या वरच्या नगांवर 80 द्या. तो 80 नगांपर्यंत गेला तर 20 नगांचे 1600 मिळतील, म्हणजे पूर्वीच्या नफ्याइतकेच. उंबरठा 59 केला तर 1680, मग तो नक्की जाईल. ग्राहकांचे 2400 तसेच, सरकारचा खर्च 6400 वरून 1680 वर.

सुलभा
कागदावर सुंदर. पण 59 हा आकडा सरकारला कोण सांगणार? खर्च आणि मागणी त्यालाच ठाऊक. उंबरठा मागच्या विक्रीवरून ठरणार असं कळलं तर तो एक वर्ष मुद्दाम माल कमी काढील.

ताळेबंद
ती अडचण खरी आहे. म्हणून हा हक्क आधी लिलावात काढावा: जो जास्त रक्कम भरेल त्यालाच अनुदानासह धंदा. बोलीत नफा परत येतो.

चौकस
बोली लावणारा एकच असला तर?