चार मोबाइल, एक स्क्रीनशॉट: रोजचा खर्च आणि रुपयामागे डेटा पाहून कोणता रिचार्ज घ्यावा?

सेलूकर
नमस्कार. आमच्या घरी चार मोबाइल क्रमांक आहेत आणि चारही एकाच कंपनीचे आहेत. वडील सेलू तालुक्यात शेती पाहतात, आई घरी असते, धाकटी बहीण नीटच्या तयारीसाठी लातूरला राहते आणि मी वाळूजला नोकरी करतो. आजवर सर्वांचा २८ दिवसांचा २९९ रुपयांचाच रिचार्ज होत आला आहे. आमच्या रिचार्जवाल्याने कंपनीच्या ॲपचा स्क्रीनशॉट पाठवला आहे. त्यात २९९ रुपयांत २८ दिवस व रोज दीड जीबी, ३४९ रुपयांत २८ दिवस व रोज दोन जीबी, ७९९ रुपयांत ८४ दिवस व रोज दीड जीबी, ८५९ रुपयांत ८४ दिवस व रोज दोन जीबी, आणि ३५९९ रुपयांत ३६५ दिवस व रोज अडीच जीबी असे पाच प्लॅन दिसतात. रोज दोन जीबी व त्याहून अधिकच्या प्लॅनखाली ‘अमर्यादित ५जी’ असेही लिहिले आहे. कोणासाठी काय घ्यावे, हे हिशेबासह कोणी सांगू शकेल का?

बीडचा_वाटसरू
यात विचार करण्यासारखे काही नाही, चौघांनाही ३५९९ चाच करावा. त्यात वर्षभरात सुमारे ९१२ जीबी मिळतात, म्हणजे एका रुपयाला २५३ एमबी पडतात. २९९ च्या प्लॅनमध्ये रुपयाला जेमतेम १४० एमबी मिळतात. शिवाय वर्षभर कटकट नाही.

औसेकर_मास्तर
वाटसरू यांचा भागाकार बरोबर आहे, परंतु त्यातून निघणारा निर्णय चौघांना लागू पडत नाही. रोजच्या कोट्यातील जो डेटा वापरला जात नाही, तो रात्री बारा वाजता संपतो आणि दुसऱ्या दिवशी पुढे येत नाही. त्यामुळे रुपयामागे किती एमबी मिळतात हा आकडा केवळ रोजचा कोटा जवळजवळ संपवणाऱ्या माणसासाठीच खरा असतो. ज्यांचा वापर कमी आहे, त्यांनी फक्त रोजचा खर्च पाहावा.

तो काढला असता वेगळेच चित्र दिसते. २९९ चा प्लॅन रोज १० रुपये ६८ पैशांना पडतो, ७९९ चा ९ रुपये ५१ पैशांना, ८५९ चा १० रुपये २३ पैशांना आणि वार्षिक प्लॅन ९ रुपये ८६ पैशांना. म्हणजे रुपयामागे सर्वाधिक डेटा देणारा वार्षिक प्लॅन रोजच्या खर्चात सर्वांत स्वस्त नाही.

आणखी एक सोय अशी की २८ दिवसांचे तीन रिचार्ज म्हणजे बरोबर ८४ दिवस होतात, त्यामुळे तुलनेसाठी भागाकाराचीही गरज नाही. २९९ तीनदा केल्यास ८९७ रुपये जातात, तितक्याच दिवसांना आणि तितक्याच डेटाला दुसरीकडे ७९९ लागतात. हे ९८ रुपये आपण केवळ दर २८ दिवसांनी पैसे भरण्याच्या सवयीपोटी देत आहात. २८ दिवसांच्या प्लॅनला आपण ‘महिन्याचा रिचार्ज’ म्हणतो खरे, पण वर्षाला तो बारा नव्हे, तेरा वेळा करावा लागतो.

आता तीन गोष्टी कळवाव्यात. प्रत्येकाच्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये गेल्या महिन्याचा डेटा वापर किती दिसतो, कोणाकडे ५जी हँडसेट आहे, आणि स्क्रीनशॉट वरून किंवा खालून कापलेला आहे का? दूरसंचार नियामक ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर कंपन्यांना डेटाविना केवळ कॉल आणि एसएमएसचे रिचार्जही द्यावे लागतात. ॲपमध्ये ते बहुधा वेगळ्या टॅबमध्ये असतात, त्यामुळे अशा चित्रात येत नाहीत.

किनवटची_लेक
आमच्या तांड्यावर या कंपनीची रेंजच येत नाही, घराच्या मागच्या चढावर जाऊन बोलावे लागते. त्यामुळे आम्ही गेल्या वर्षी क्रमांक दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला. तुम्हीही तसेच करावे असे मला वाटते.

औसेकर_मास्तर
ताई, त्यांची तक्रार रेंजची नाही. तथापि आपला मुद्दा बहिणीच्या बाबतीत उपयोगी आहे. लातूरच्या खोलीत रेंज कशी आहे हे पाहिल्याशिवाय ८४ दिवसांचे पैसे एकदम गुंतवू नयेत.

सेलूकर
सेटिंगमध्ये पाहिले. बहिणीचा वापर बहुतेक दिवशी दीड जीबीच्या आसपास असतो आणि रविवारी व्याख्याने पाहताना त्याहून पुढे जातो. कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि चित्रफीत चालत नाही, तेव्हा ती १९ रुपयांचा एक जीबीचा पॅक घेते. आईचा आणि माझा वापर रोज एक जीबीच्या आत आहे. वडिलांचा संपूर्ण महिन्याचा वापर तीन जीबी निघाला. लातुरात रेंज उत्तम आहे. ५जी हँडसेट कोणाकडेच नाही. आपण म्हणता तो वेगळा टॅब सापडला, त्यात ४४८ रुपयांत ८४ दिवस अमर्यादित कॉल असून डेटा मुळीच नाही.

औसेकर_मास्तर
मग ‘अमर्यादित ५जी’ ही ओळ आपल्यापुरती खोडून टाकावी, कारण ती ४जी हँडसेटवर काहीच देत नाही.

बहिणीसाठी ८५९ चा घ्यावा. ७९९ च्या तुलनेत ६० रुपये अधिक द्यावे लागतील आणि त्याबद्दल ८४ दिवस रोज अर्धा जीबी जास्त मिळेल. १९ रुपयांचे तीन पॅक ५७ रुपयांचे होतात, म्हणजे ८४ दिवसांत तिला चौथा पॅक घ्यावा लागला की ८५९ चाच स्वस्त ठरतो. तेवढ्या काळात बारा रविवार येतात, यावरून काय ते समजावे. मात्र रविवारचा वापर दोन जीबीच्याही पुढे जात असेल, तर पॅकचा खर्च पूर्णपणे थांबणार नाही.

आईला आणि आपल्याला ७९९ चा पुरेसा आहे. वडील सध्या तीन जीबीसाठी २९९ रुपये देतात, म्हणजे त्यांना एक जीबी जवळपास १०० रुपयांना पडतो. त्यांच्यासाठी ४४८ चा घेतल्यास रोजचा खर्च ५ रुपये ३३ पैशांवर येतो. घरी असताना त्यांनी आईचा हॉटस्पॉट वापरावा, तिच्या कोट्यात तेवढी जागा आहे. बँकेचे ओटीपी डेटाशिवायही येतात.

चौघांचे मिळून ८४ दिवसांचे २९०५ रुपये होतात. आज आपण त्याच काळात ३५८८ देता, त्यामुळे ६८३ रुपये वाचतील.

बीडचा_वाटसरू
हिशेब मान्य आहे, पण जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा ज्यांनी आधीच वर्षाचा रिचार्ज केला होता, त्यांना मुदत संपेपर्यंत झळ बसली नाही. हे कोणत्याच भागाकारात दिसत नाही. निदान बहिणीसाठी तरी वार्षिक घ्यावा, तिला रोजचे अडीच जीबीही उपयोगी पडतील आणि तो ८५९ पेक्षा रोज ३७ पैशांनी स्वस्तच आहे.

औसेकर_मास्तर
बहिणीच्या बाबतीत हे म्हणणे योग्य आहे. अट एवढीच की एकदम ३५९९ रुपये काढता आले पाहिजेत आणि पुढच्या वर्षी ती ज्या गावी शिकायला जाईल, तेथेही या कंपनीची रेंज असली पाहिजे.

सेलूकर
सोयाबीनचे पैसे हातात येईपर्यंत एकदम ३५९९ काढणे कठीण आहे, म्हणून तूर्त बहिणीचा ८५९ चाच करतो. चौघांची मुदत वेगवेगळ्या तारखांना संपत असल्याने २९०५ रुपयेही एकाच दिवशी लागणार नाहीत. अडचण वडिलांची आहे. दुपारी शेतातून किंवा मोंढ्यातून ते व्हॉट्सॲपवर भाव पाहतात आणि तेथे आईचा हॉटस्पॉट पोहोचणार नाही. ४४८ च्या प्लॅनवर १९ रुपयांचा पॅक चालतो का, याबद्दल ॲपमध्ये काही लिहिलेले नाही. या क्रमांकावर कोणी तसा पॅक घेऊन पाहिला आहे का?