शब्दचर्चा: अँटिव्हायरलला विषाणूनाशक म्हणायचं की विषाणूरोधक?

शब्दवेडा: सोसायटीसाठी फ्लूचं माहितीपत्रक मराठीत करतोय, त्यात ऑसेल्टामिविरला 'विषाणूनाशक औषध' लिहिलं तर चालेल का?

मुलुंडकर: चालेल की. अँटिबायोटिक जंतू मारतं तसं हे व्हायरस मारतं, आणि ४८ तास उलटले की घेऊन काही उपयोग नसतो एवढंही लिहा.

फार्मसीवाली: नाशक नको हो, कारण ते व्हायरसला मारतच नाही. फ्लूचा व्हायरस आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढतो, त्या बाहेर पडताना पेशीच्या पृष्ठभागावरच्या सियालिक ॲसिडला चिकटलेल्या असतात, आणि न्यूरामिनिडेज नावाचं एन्झाइम कात्रीसारखं तो सांधा कापतं तेव्हा कुठे त्या सुटतात. ऑसेल्टामिविर ही कात्री अडवतं, म्हणजे नवे व्हायरस तिथेच अडकून पडतात आणि शेजारच्या पेशींपर्यंत फार कमी पोचतात. पण ज्या पेशी आधीच बाधित झाल्यात त्या काही पूर्ववत होत नाहीत. म्हणून तर घाई. समजा सोमवारी रात्री ताप भरला तर पहिल्या दोन-तीन दिवसांत व्हायरसची संख्या सगळ्यात जास्त असते, मंगळवारी सकाळी कॅप्सूल सुरू केली तर अडवायला बरंच काही शिल्लक असतं, शुक्रवारी केली तर पसरायचं ते बहुतेक पसरून झालेलं असतं आणि शरीराने स्वतःच निपटारा सुरू केलेला असतो. आणि वेळेत घेऊनही एरवी धडधाकट माणसाचं आजारपण साधारण एखाद्या दिवसानेच कमी होतं, हेही पत्रकात लिहा.

सुमन_नाशिक: ताई, माझ्या सासऱ्यांना चौथ्या दिवशी धाप लागली म्हणून ॲडमिट केलं आणि तेव्हा हे औषध सुरू झालं, मग ते वायाच गेलं का?

फार्मसीवाली: नाही हो सुमनताई. ४८ तासांची गोष्ट मुख्यतः घरी बरे होणाऱ्यांसाठी. ॲडमिट झालेले, वयस्कर, गरोदर, दम्याचे पेशंट यांच्यात व्हायरस जास्त दिवस वाढत राहू शकतो, त्यामुळे उशीर झाला तरी डॉक्टर देतात आणि बऱ्याचदा रिपोर्टची वाटही बघत नाहीत. मुलुंडकर, तुमचं ४८ तासांचं वाक्य असंच छापलं तर असा पेशंट घरीच बसून राहील.

मुलुंडकर: बरं, ते वाक्य मागे घेतो. पण मग मोठ्यांना दिवसातून दोनदा ७५ मिलिग्रॅम असं पाच दिवस का, दोन दिवसांत ताप उतरला की बंद केलं तर?

फार्मसीवाली: ताप उतरला तरी व्हायरस पूर्ण गेलेला नसतो, त्यामुळे मनाने बंद करू नका. मळमळ होत असेल तर जेवणासोबत घ्या, पुष्कळांना तेवढ्याने फरक पडतो.

शब्दवेडा: मग 'विषाणूरोधक' करतो.

सुमन_नाशिक: पण त्याने लोकांना लसच वाटेल ना, आधी घेतली की फ्लू होतच नाही अशी?

फार्मसीवाली: हो, ती अडचण आहेच, त्यात घरात पेशंट असेल तर बाकीच्यांना हेच औषध कधीकधी बचावासाठीही देतात त्यामुळे गोंधळ वाढतो. 'विषाणूची वाढ रोखणारं औषध' असं लांबलचक लिहिलं तर?

शब्दवेडा: शीर्षकात मावत नाही हो ते, आणखी कुणाला सुचतंय का?