मदत हवी आहे: इरकलीचा राणी रंग पत्रिकेवर उतरत नाही

बेळगावात ऑफसेटवर लग्नपत्रिका छापायची आहे, मजकूर मराठी आणि कन्नड. इरकली साडीच्या राणी काठाशी रंग जुळवायला कोरलड्रॉमध्ये टेम्पलेटच्या किनारीला `#FF1493` दिला. पण फाइल आरजीबीत होती. सीएमवायके करताच तो झळाळता गुलाबी मळकट झाला, कारण चार शाईंत तेवढा तेज गुलाबी बसतच नाही. आता मॅजेंटा १००, पिवळा ५, निळा आणि काळा ० असा हाताने भरलाय. पांढऱ्या आर्ट कार्डावर ठीक दिसतो, पण घरच्यांना क्रीम कागद हवाय आणि त्यावर तोच रंग लालसर येतो. कागदाचा पिवळेपणा शाईतून डोकावतो, त्यामुळे पिवळा ० केला तरी थोडाच फरक पडतो.

बारीक अक्षरं फक्त काळा १०० ठेवलीत (चार रंगांचा काळा थोडा सरकला तरी जोडाक्षरं भरून जातात), फॉन्ट कर्व्ह केलेत, चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड आहे.

विचारायचं एवढंच: क्रीम कागदावर किनारीसाठी तयार राणी शाईचा पाचवा रंग घ्यावा का? ३०० प्रतींसाठी वेगळी प्लेट आणि मशीन धुणं परवडतं का? की पांढरा कागदच धरावा?