मदत हवी आहे: ऑफिसच्या रिसेप्शनसाठी आणि मीटिंग रूमसाठी टीव्ही, घरगुती घ्यावा की कमर्शियल?

हिशेबनीस
नाशिकमध्ये आमचे सनदी लेखापालांचे लहानसे कार्यालय आहे. रिसेप्शनसाठी एक आणि मीटिंग रूमसाठी एक असे दोन टीव्ही घ्यायचे आहेत. एका विक्रेत्याने ४३ इंची घरगुती टीव्हीचा भाव २८ हजार सांगितला आणि त्याच आकाराच्या कमर्शियल पॅनेलचा ५२ हजार. दोन्हींचे रेझोल्यूशन सारखेच आहे, मग वरचे २४ हजार कशाचे, याचे समाधानकारक उत्तर तो देऊ शकला नाही. शनिवारी ऑर्डर द्यायची आहे. कृपया मुद्द्याचे सांगावे.

निवांत_नाना
वरचे २४ हजार केवळ नावाचे आहेत. माझ्या दुकानात गेली काही वर्षे साधा घरगुती टीव्ही सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतो आणि त्याला काहीही झालेले नाही. दोन्ही घरगुती घ्यावेत आणि उरलेल्या पैशांत चांगल्या खुर्च्या घ्याव्यात.

तारजोड
कार्यालयांत स्क्रीन बसवणे हा माझा व्यवसाय आहे, तरीही एवढ्या माहितीवर मला उत्तर देता येणार नाही. रिसेप्शनचा टीव्ही दिवसाला किती तास चालणार, त्यावर काय दाखवणार, समोर काच किंवा खिडकी आहे का आणि ती कोणत्या दिशेला आहे? मीटिंग रूममध्ये पडद्यापासून सर्वांत लांबची खुर्ची किती फुटांवर आहे आणि पडद्यावर व्हिडिओ पाहणार की आकडे वाचणार? या दोन खोल्यांचे उत्तर एकच असेल असे गृहीत धरू नये.

सौ_मीनल
आमच्याकडे नुकताच ओलेड घेतला. क्रिकेट पाहताना काळा रंग इतका खरा दिसतो की आता दुसरा टीव्ही नकोसा वाटतो. शक्य असल्यास तोच घ्यावा.

हिशेबनीस
रिसेप्शन सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसात, आठवड्यातून सहा दिवस. टीव्हीवर आमचे नाव आणि विवरणपत्रांच्या मुदतीच्या तारखा दाखवायच्या आहेत, म्हणजे टीडीएस भरण्याची ७, जीएसटीआर-१ ची ११, ३बी ची २० वगैरे. दाराची काच पश्चिमेला आहे आणि टीव्ही तिच्या बरोबर समोरच्या भिंतीवर येईल. मीटिंग रूम १४ फूट लांब आणि १० फूट रुंद असून सर्वांत लांबची खुर्ची ११ फुटांवर आहे. तेथे लॅपटॉप जोडून ताळेबंद आणि एक्सेल दाखवतो, रोज दोन-तीन तास. हे आधी लिहायला हवे असे वाटले नव्हते.

तारजोड
आता बोलता येईल. रिसेप्शनपासून सुरुवात करतो.

दिवसाला दहा तास म्हणजे वर्षाला सुमारे तीन हजार तास होतात. स्वस्त घरगुती टीव्ही तेवढे तास चालतही असेल. खरा प्रश्न तासांपेक्षा स्थिर चित्राचा आहे. आपले नाव वर आणि तारखांचा तक्ता खाली, असे एकच चित्र दिवसभर राहिले तर साध्या एलसीडी पडद्यावरही काही महिन्यांनी त्याची पुसट छाप राहू शकते, जी चित्र बदलल्यावर दिसते आणि बहुधा हळूहळू जाते. ओलेडवर अशी छाप कायमची राहू शकते, म्हणून मीनलताईंची सूचना घरातल्या बैठकीच्या खोलीसाठी उत्तम असली तरी या कामासाठी सर्वांत अयोग्य आहे. कमर्शियल पॅनेल दिवसाला १६ किंवा २४ तास चालवण्याच्या हिशेबाने बनवलेले असते आणि माहितीपत्रकात ते १६/७ किंवा २४/७ असे लिहिलेले असते. तरीही दर मिनिटाला चित्र बदलत ठेवणे आणि नावाची जागा अधूनमधून हलवणे इष्टच.

मात्र वरच्या २४ हजारांचा मोठा भाग मला दोन वेगळ्या गोष्टींसाठी द्यावासा वाटतो. पहिली म्हणजे वीज. वीज जाऊन परत आली की बहुतेक घरगुती टीव्ही एकतर स्टँडबायमध्येच थांबतात किंवा अ‍ॅप्सच्या मुख्य पानावर येऊन थांबतात. मग रिसेप्शनवरच्या व्यक्तीने रिमोट शोधायचा, यूएसबी निवडायची, फोल्डर उघडायचा आणि स्लाइड शो सुरू करायचा. पावसाळ्यात हे दिवसातून चार वेळा झाले की पाचव्या वेळी कोणीही टीव्ही लावत नाही. कित्येक कार्यालयांत मी तसेच काळे पडदे पाहिले आहेत. शिवाय चार तास रिमोटला हात लागला नाही तर आपोआप बंद होण्याची सोय अनेक घरगुती टीव्हींमध्ये मुळातच चालू असते, तीही शोधून बंद करावी लागते. कमर्शियल पॅनेलला वीज आल्याबरोबर सुरू हो, शेवटचा स्रोत घे आणि पेन ड्राइव्हवरची चित्रे दाखवू लाग, असे एकदा सांगून ठेवता येते.

दुसरी गोष्ट काच, पण त्याविषयी आधी आपल्याकडून थोडी माहिती लागेल, म्हणून ती नंतर लिहितो.

निवांत_नाना
वीज गेल्यावर सुरू होण्याची सोय घरगुती टीव्हीतही असते, सेटिंगमध्ये दडलेली असते एवढेच. आमच्या टीव्हीत आहे. त्यासाठी २४ हजार देणे हा निव्वळ अपव्यय आहे.

तारजोड
काही मॉडेलांत ती असते हे आपले म्हणणे खरे आहे, परंतु टीव्ही सुरू होणे आणि आपले चित्र सुरू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या दुकानात टीव्ही चालू झाल्यावर सेट टॉप बॉक्सची वाहिनी आपोआप दिसते, कारण तो बॉक्स सतत सिग्नल देत असतो. पेन ड्राइव्हचे तसे नाही. हिशेबनीस यांनी दुकानातच तपासून पाहावे: पाच-सहा चित्रांचा पेन ड्राइव्ह लावावा, स्लाइड शो सुरू करावा, रिमोटला हात न लावता भिंतीतला प्लग काढावा, एक मिनिट थांबून परत लावावा आणि काय दिसते ते पाहावे. विक्रेत्याचे बोलणे ऐकण्यापेक्षा ही पाच मिनिटे अधिक उपयोगी ठरतील.

अर्थविवेक
आणखी एक मुद्दा कोणी मांडला नाही. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे. बिलावर आपला जीएसटी क्रमांक घातल्यास त्याची वजावटही मिळू शकते.

हिशेबनीस
अर्थविवेक, आम्ही सनदी लेखापाल आहोत. तरीही धन्यवाद.

वॉरंटीचे काय? घरगुती टीव्ही कार्यालयात लावला तर ती खरोखर जाते का?

तारजोड
घरगुती टीव्हीच्या वॉरंटी कार्डावर बहुधा केवळ घरगुती वापरासाठी अशी अट असते आणि व्यावसायिक वापर असल्यास वॉरंटी लागू होत नाही किंवा कमी मुदतीची होते. प्रत्येक कंपनीचे कलम वेगळे असते, त्यामुळे घेण्यापूर्वी तेच मॉडेल व्यावसायिक वापराला चालेल का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

निवांत_नाना
आमच्याकडे आलेल्या माणसाने काहीही विचारले नाही, दुकानात बसून पॅनेल बदलून दिले.

तारजोड
आपल्याला चांगला माणूस भेटला. मी मात्र बिलावर फर्मचे नाव पाहूनच तक्रार नाकारल्याचेही पाहिले आहे. दोन्ही घडते आणि आधी खात्री देता येत नाही.

सौ_मीनल
पण नाना, काही झालेच नाही असे आपण आधी लिहिले होते ना? मग पॅनेल बदलावे कशासाठी लागले?

निवांत_नाना
ते वीजदाबाच्या चढउतारामुळे झाले, टीव्हीचा त्यात दोष नाही.

भिंगवाला
मीटिंग रूमचे कोणीच बोलत नाही. मी स्वतः प्रोजेक्टर सुचवतो, मोठे चित्र कमी पैशांत मिळते.

तारजोड
दिवे चालू ठेवून एक्सेलचे बारीक आकडे वाचायचे असतील तर स्वस्त प्रोजेक्टरवर ते धुरकट दिसतात, म्हणून तेथे टीव्हीच बरा. रोज दोन-तीन तासांच्या वापरासाठी आणि माणूस समोर बसलेला असताना घरगुती टीव्ही पुरेसा आहे, तेथे नानांशी माझे मतभेद नाहीत.

आकाराचा ढोबळ हिशेब असा करतात की नुसते सादरीकरण पाहायचे असेल तर सर्वांत लांबची खुर्ची पडद्याच्या उंचीच्या सहापटीपर्यंत चालते आणि बारीक आकडे वाचायचे असतील तर चौपटीपर्यंतच. ४३ इंची पडद्याची उंची साधारण २१ इंच असते, म्हणजे आकड्यांसाठी तो सात फुटांपर्यंतच पुरेल. ५५ इंची पडदा २७ इंच उंच असतो, तो नऊ फुटांपर्यंत. आपले अंतर ११ फूट आहे आणि ६५ इंची सुमारे साडेदहा फुटांपर्यंत पुरतो, म्हणून तेथे निदान ६५ इंची हवा. ५५ इंची घेतल्यास एक्सेल मोठे करून दाखवण्याची सवय लावावी लागेल. दोन्ही खोल्यांत ४३ इंची, हा विचार मात्र सोडावा.

लॅपटॉप जोडल्यावर अक्षरांच्या कडा रंगीत आणि पुसट दिसणे ही घरगुती टीव्हीची नेहमीची तक्रार असते. टीव्ही रंगांची माहिती कमी करून दाखवतो आणि काही वेळा चित्राच्या कडाही कापतो. त्या एचडीएमआय इनपुटला PC असे नाव दिले की बऱ्याच टीव्हींवर दोन्ही दोष जातात. घेताना लॅपटॉप बरोबर नेऊन निळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात बारीक अक्षरे लिहावीत. PC नाव दिल्यावरही ती फुटकी दिसत असतील तर तो टीव्ही ताळेबंदाच्या कामाचा नाही.

हिशेबनीस
फॉल्स सीलिंगमधून टेबलापर्यंत केबल १२ मीटर लागेल. चालेल का?

तारजोड
साधी तांब्याची एचडीएमआय केबल तेवढ्या लांबीला फोर-के चित्र ६० हर्ट्झवर देताना बहुधा अडखळते, चित्र येते-जाते किंवा येतच नाही. ऑप्टिकल केबल घ्यावी. ती एकाच दिशेने चालते, त्यामुळे टीव्हीकडचे टोक कोणते ते पाहून ओढावी आणि सीलिंग बंद करण्यापूर्वी जमिनीवर पसरून एकदा चालवून पाहावी. पाइपमध्ये एक मोकळी दोरीही ठेवावी, पुढे केबल बदलताना सुतार बोलवावा लागत नाही.

हिशेबनीस
आज दुकानात प्लग काढून पाहिला. घरगुती टीव्ही सुरू झाला, पण कोण पाहणार आहे असे विचारणाऱ्या पानावर थांबला. कमर्शियल पॅनेलने चित्रे आपोआप सुरू केली. विक्रेता आता तिसराच पर्याय दाखवतो आहे, बिझनेस टीव्ही नावाचा, ३९ हजारांना. १६/७ लिहिले आहे आणि व्यावसायिक वापराची वॉरंटीही आहे. तो घेऊ का? घरगुती टीव्हीच्या वॉरंटीबद्दलचे लेखी उत्तर अजून आलेले नाही.

तारजोड
मधला पर्याय वाईट नाही, प्लगची परीक्षा मात्र त्याचीही घ्यावी. त्याची प्रकाशमानता बहुधा २५० निट्स असते, आपल्याला ५२ हजारांत सांगितलेल्या प्रकारच्या पॅनेलची ३५० ते ५००. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पडद्याचा पृष्ठभाग. चकचकीत पडद्यावर समोरची काच आरशासारखी उमटते आणि मग निट्स वाढवूनही फारसा फरक पडत नाही. चांगल्या कमर्शियल पॅनेलचा पडदा खरखरीत असतो, तो प्रतिबिंब विखुरतो.

आपल्या भिंतीवर नेमके काय होईल हे कागदावरून सांगता येणार नाही. उद्या दुपारी चार वाजता कार्यालयातले फ्रेम केलेले एखादे प्रमाणपत्र काढून टीव्हीच्या नियोजित जागी धरावे आणि पाहुण्यांच्या खुर्चीत बसून पाहावे. प्रमाणपत्र न दिसता रस्ताच दिसत असेल तर ती जागा चकचकीत पडद्याची नाही. मग तेच काचेला काटकोनात असलेल्या बाजूच्या भिंतीवर धरून पाहावे. तेथे अक्षरे वाचता आली तर ३९ हजारांचा पुरे, तेथेही न आल्यास खरखरीत पडद्याचे पॅनेल घ्यावे.

भिंगवाला
बाजूच्या भिंतीवर टीव्ही उभा लावता येईल. जागा कमी लागेल.

तारजोड
उभा लावायचा असेल तर माहितीपत्रकात उभ्या मांडणीची परवानगी लिहिलेली असायला हवी, कारण उष्णता बाहेर जाण्याचा मार्ग आडव्या मांडणीच्या हिशेबाने केलेला असतो. बऱ्याच बिझनेस टीव्हींना ती परवानगी नसते.

हिशेबनीस
बाजूच्या भिंतीवर विजेचा पॉइंट नाही. चार वाजता प्रमाणपत्र धरून पाहतो आणि लिहितो.